एकच नेमणूकपत्र आणि वाटाघाटीचे बळ

जनावरांच्या बाजारात बैलाच्या किमतीवर तासभर घासाघीस करणारा बारामती-इंदापूरकडचा शेतकरी मुलीच्या नोकरीचे पत्र घरी आले की त्यातील पगाराचा आकडा पंचांगातल्या तिथीप्रमाणे निमूटपणे मान्य करतो. याचे कारण भिडस्तपणा एवढेच नाही. या भागातील नोकरदार पिढी घडली ती शाळा, पंचायत समिती, बँका आणि साखर कारखाने यांत. शिक्षकाचा किंवा कारकुनाचा पगार वेतनश्रेणीने ठरतो. साखर कामगाराचा पगार राज्य पातळीवरील त्रिपक्षीय समितीच्या कराराने ठरतो. तेथे उमेदवाराने 'थोडे वाढवून द्या' असे म्हणणे निरर्थकच असते. पगार हा ठरलेला असतो, ठरवावयाचा नसतो, ही समजूत अशा घरांत रुजली ती अनुभवातूनच.

परंतु आजचा पदवीधर ज्या दारात उभा राहतो, ते दार बहुधा निराळे असते. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील खाजगी कारखाना असो, इंदापूर तालुक्यातील दूधप्रक्रिया प्रकल्प असो किंवा भिगवणचा कागद कारखाना असो, तेथे नवशिक्या पदवीधराचा आकडा कोणता आयोग ठरवीत नाही. व्यवस्थापकाला एक खालची आणि एक वरची मर्यादा दिलेली असते आणि पत्रात बहुधा खालच्या मर्यादेजवळचा आकडा पडतो. पत्र एकच असले, दुसरीकडून बोलावणे आलेले नसले, म्हणजे उमेदवार स्वतःशी म्हणतो, 'आपल्या हाती काय आहे?' हा प्रश्न योग्य आहे. मात्र त्याचे 'काहीच नाही' हे नेहमीचे उत्तर पूर्णपणे खरे नाही.

बळ कोठून येते?

एकच मालक आणि पुष्कळ मजूर अशी स्थिती असली की वेतन दाबले जाते, हे जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले. खरेदीदाराची मक्तेदारी या नावाने ही कल्पना अर्थशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो आणि लहान गावातील पदवीधराला ती तंतोतंत आपलीच कथा वाटते. पण पुढे १९८२ साली एरियल रुबिनस्टाइन यांनी वाटाघाटीच्या गणिताची जी मांडणी केली, तिने या चित्रात एक महत्त्वाची भर घातली. दोघांनी मिळून काही निर्माण व्हावयाचे असेल, तर त्याची वाटणी कशी होईल हे थांबण्याची किंमत कोणाला किती पडते यावर अवलंबून असते. ज्याला प्रत्येक दिवसाचा विलंब महाग पडतो, तो लवकर नमतो. दुसरी नोकरी हातात असणे उपयोगाचे खरे, पण ती या नोकरीहून सरस असेल तरच. कमी पगाराची दुसरी नोकरी दाखवून पहिल्या मालकाला घाबरविता येत नाही, कारण ती आपण पत्करणार नाही हे त्यालाही कळते.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, पर्याय नसलेल्या उमेदवाराने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहण्यापेक्षा समोरच्याचा खोळंबा मोजावा. मुलाखतीपूर्वी पन्नास अर्ज होते, तोवर मालकाला कोणाचीच गरज नव्हती. निवड झाली, पत्र निघाले, की स्थिती बदलते. आता हा उमेदवार गेला तर पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखती, वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रांची छाननी हे सारे करावे लागते. तोवर रिकाम्या जागेचे काम कोणीतरी जादा पाळी करून ओढत असतो. पत्र हातात पडल्यापासून त्यावर सही करेपर्यंतचे जे चार-सहा दिवस असतात, तेवढ्यापुरताच हा खोळंबा उमेदवाराच्या बाजूने असतो. पत्रापूर्वी मागणी करणे अकाली ठरते आणि सहीनंतर ती विनंतीअर्जाच्या दर्जाला येते.

खोळंबा किती आहे हे ओळखण्याच्या खुणा आहेत. मुलाखतीनंतर दोन दिवसांत दूरध्वनी येणे, 'त्वरित रुजू व्हावे' असा आग्रह असणे, आधीचा मनुष्य सोडून गेल्याचे बोलण्यात येणे, ही निकडीची लक्षणे होत. या प्रदेशात ऋतूही बोलतो. ऊसगाळपाचा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतील रिकामी जागा ही साधी गोष्ट नसते. हिवाळ्यात दुधाचा पुष्टकाळ आला की संकलन वाढते आणि प्रत्येक टँकरमधील दूध तपासणारे हात कमी पडू लागतात. आषाढातले पत्र आणि कार्तिकातले पत्र यांत आकडा तोच असला, तरी उमेदवाराचे वजन तेच नसते.

पत्र वाचण्याची रीत

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. भवानीनगरच्या परिसरातील एका ऊसउत्पादकाची मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आहे असे समजू. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील दूधप्रक्रिया कारखान्याच्या गुणवत्ता प्रयोगशाळेत तिला प्रशिक्षणार्थी म्हणून बोलावले आहे. पत्रात वार्षिक 'सीटीसी' २ लाख ४० हजार, तीन पाळ्यांत काम, दोन वर्षे नोकरी सोडू नये व सोडल्यास ५० हजार रुपये भरावेत असा करार, आणि आठ दिवसांत होकार कळविण्याची सूचना आहे. दुसरे पत्र नाही. घरी वडील म्हणतात, "अगं, मिळतंय ते घे, मागाहून बघू."

पहिले काम म्हणजे आकडा उलगडणे. २ लाख ४० हजार म्हणजे महिना २० हजार, असे घरात सर्वांनी धरलेले असते. पण 'सीटीसी' हा कंपनीचा एकूण खर्च होय, मुलीचा पगार नव्हे. मूळ वेतन व महागाई मिळून १४ हजार धरले, तर मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा १२ टक्के हिस्सा १,६८० रुपये होतो. उपदानाची तरतूद सुमारे ६७० रुपये, वर्षअखेर मिळणारा बोनस महिन्याला सुमारे १,१७० रुपये आणि राज्य कामगार विम्याचा मालकाचा वाटा सुमारे ५२० रुपये. हे सर्व त्या २० हजारांतच मोजलेले असते. उरलेल्या १६ हजारांतून मुलीचा स्वतःचा भविष्यनिर्वाह निधी आणि विम्याचा हप्ता गेला, की दरमहा हातात १४ हजारांहून थोडे अधिक पडतात. यात फसवणूक आहे असे नव्हे. निधी तिचाच आहे. मात्र उपदानाचा पैसा सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या नोकरीनंतरच मिळतो, त्यामुळे दोन वर्षांत सोडून जाणाऱ्यासाठी तो केवळ कागदावरचा असतो. म्हणून पहिली मागणी पैशाची नसावी, तपशिलाची असावी: दरमहा मिळणाऱ्या रकमेचा तक्ता द्यावा. तो मागण्यात कोणाचाही अपमान नाही, आणि तो देण्यास कारखाना टाळाटाळ करू लागला तर तीच एक सूचना समजावी.

त्याचबरोबर पत्र कोणाच्या नावाने आहे हे पाहावे. कारखान्याऐवजी मनुष्यबळ पुरविणाऱ्या कंत्राटदाराचे नाव असेल, तर कारखान्याच्या व्यवस्थापकाशी केलेली बोलणी कंत्राटदाराला बांधत नाहीत. तसेच 'प्रशिक्षणार्थी' हा शब्द १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील नोंदणीचा आहे की कारखान्याने सहज वापरलेला आहे, हेही विचारावे. कायद्याखालील शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळते, वेतन नव्हे. त्याला भविष्यनिर्वाह निधी लागू होत नाही आणि मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधनही मालकावर आपोआप येत नाही.

काय मागावे?

बहुतेक उमेदवार धीर एकवटून एकच वाक्य बोलतात, 'पगार थोडा वाढवा.' ते नाकारले जाते, आणि बोलणे तेथेच संपते. नाकारले जाण्यामागे कंजूषपणाच असतो असे नाही. नव्या मुलीचे दोन हजार वाढविले, तर त्याच टेबलावर दोन वर्षे काम करणारे चौघे उद्या व्यवस्थापकासमोर उभे राहतील. दोन हजारांची वाढ त्याला प्रत्यक्षात दहा हजारांना पडते. म्हणून शहाणपण यात आहे की, आपल्याला मोलाची पण कारखान्याला स्वस्त अशी अट शोधावी.

या मुलीच्या बाबतीत अशा तीन अटी आहेत. पहिली, वाहतूक. बारामतीत खोली घेऊन खानावळ लावली तर महिना साडेपाच हजार जातील असे धरू. म्हणजे चौदा हजारांतले साडेआठच उरतात. कारखान्याची कामगारांची बस भवानीनगरच्या रस्त्याने जात असेल, तर त्यात एक जागा वाढविण्यास कारखान्याला जवळजवळ काहीच खर्च नाही आणि मुलीचे साडेपाच हजारांतले बरेचसे वाचतात. जी पगारवाढ मागून मिळाली नसती, तिच्या दुपटीहून अधिक लाभ बसच्या एका जागेत आहे.

येथे कायदाही तिच्या हाती एक गोष्ट देतो. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती यांविषयीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यानुसार सायंकाळी सातनंतर आणि सकाळी सहापूर्वी स्त्रीला कामावर ठेवावयाचे तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेच्या अटी पाळाव्या लागतात. तीन पाळ्या चालविणाऱ्या प्रयोगशाळेला रात्रपाळीची संमती हवी असते. जे कायद्याने मालकाला मागावे लागते, ते उमेदवाराजवळ देण्यासारखे असते. 'घरापासून ने-आण पत्रात नमूद झाल्यास रात्रपाळीस माझी संमती आहे' हे वाक्य याचना नाही, देवाणघेवाण आहे.

दुसरी अट कराराची. अशा कराराविषयी दोन टोकांच्या समजुती प्रचलित आहेत. एक म्हणते, सही केली की दोन वर्षे गुलामी. दुसरी म्हणते, असले करार कोर्टात टिकतच नाहीत. दोन्ही चूक आहेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरविली. सार्वजनिक बँकेला भरतीची खुली व खर्चिक प्रक्रिया पुन्हा करावी लागते, हा विचार त्यामागे होता. उलट, १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळू शकते. तेव्हा करार झुगारण्याच्या गोष्टी करण्याऐवजी त्याला आकार द्यावा. ५० हजारांची रक्कम काम केलेल्या प्रत्येक महिन्यागणिक चोविसाव्या हिश्श्याने कमी होत जावी. एक वर्ष काम केले तर २५ हजार, दीड वर्ष केले तर साडेबारा हजार. आणि कारखान्यानेच काढून टाकले तर काहीही देणे लागू नये. प्रामाणिक मालकाला यात नाकारण्यासारखे काही दिसत नाही, कारण प्रशिक्षणाचा खर्च कामातून वसूल होत जातो हे त्याचेच म्हणणे असते. कराराच्या हमीसाठी मूळ गुणपत्रिका मागितल्या, तर मात्र छायाप्रती द्याव्यात आणि मूळ कागद तपासून तेथल्या तेथे परत घ्यावेत. मूळ कागद दुसऱ्याच्या कपाटात गेले, की पुढचा अर्ज करण्याचे स्वातंत्र्यही त्याच कपाटात बंद होते.

तिसरी अट वेळेची. कारखाना कमी देतो त्याचे एक कारण असे की, ही मुलगी काम कसे करील हे त्याला ठाऊक नाही. तिला मात्र स्वतःवर विश्वास आहे. हा फरक वाटाघाटीत उपयोगी आणता येतो. आज वाढ मागण्याऐवजी तिने म्हणावे, सहा महिन्यांनी कामाचा आढावा घ्यावा, ठरलेल्या तपासण्या स्वतंत्रपणे करता येऊ लागल्या असतील तर ठरावीक रकमेची वाढ द्यावी, आणि हे आज पत्रात लिहावे. काम जमले नाही तर मालकाचे काही जात नाही, जमले तर तो आनंदाने देतो. रक्कम आणि महिना मात्र लिहिलेला हवा. 'योग्य वेळी विचार केला जाईल' या शब्दांना बाजारात किंमत नसते.

याशिवाय या मुलीजवळ आणखी एक वजन आहे, जे ती बहुधा उणीव समजते. ती याच तालुक्यांतली आहे. बाहेरून आलेला पदवीधर वर्षभरात पुण्याला निघून जाईल ही भीती येथील कारखानदाराला असते, कराराची अट आली ती त्या भीतीतूनच. 'घर येथेच आहे, जाण्यायेण्याची सोय झाली तर टिकून राहीन' हे तिचे म्हणणे त्या भीतीवरचे थेट उत्तर आहे.

कसे मागावे, आणि मर्यादा

मागण्याची भाषा हा येथे शिष्टाचाराचा प्रश्न नाही, कायद्याचा आहे. करार कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे स्वीकार हा बिनशर्त असावा लागतो. 'या अटी मान्य असतील तरच येईन' असे लिहिले, तर तो स्वीकार ठरत नाही आणि मालक मोकळा होतो. शिवाय स्वीकार कळण्यापूर्वी प्रस्ताव मागे घेण्याची मुभा त्याला आहेच. म्हणून मागणी ही शर्त म्हणून नव्हे, स्पष्टीकरणाची विनंती म्हणून मांडावी: "सर, निवडीबद्दल आभारी आहे. येथे काम करण्याची माझी इच्छा आहे. होकार पाठविण्यापूर्वी तीन बाबींचा पत्रात खुलासा व्हावा अशी विनंती आहे." असे लिहिले म्हणजे प्रस्ताव जिवंत राहतो, इच्छाही कळते आणि सही अजून व्हावयाची आहे हेही कळते. बोलणे प्रत्यक्ष करावे, पण त्यात जे ठरले ते त्याच संध्याकाळी ई-मेलने कळवून ठेवावे. तीन बाबींपेक्षा अधिक मागू नये आणि त्या एकदम मागाव्यात. रोज एक नवी मागणी काढणारा उमेदवार रुजू होण्यापूर्वीच त्रासदायक ठरतो.

नसलेल्या दुसऱ्या पत्राची बतावणी तर कधीच करू नये. एका औद्योगिक वसाहतीतील कार्मिक अधिकारी एकमेकांना ओळखतात. 'मग तिकडेच जा' एवढ्या एका वाक्याने ती बतावणी उघडी पडते आणि त्यानंतर खरी मागणीही खोटी वाटू लागते.

या सर्वाला मर्यादा आहेत, त्या लपवून उपयोग नाही. त्याच पात्रतेचे दहा उमेदवार यादीत थांबलेले असतील, काम आठ दिवसांत कोणालाही शिकविता येण्यासारखे असेल, तर खोळंब्याची किंमत नगण्य असते आणि बळही तितकेच. साखर कारखान्यात पगाराचा आकडा बदलणार नाही. तेथे श्रेणी कोणती आणि नेमणूक हंगामी की कायम, एवढेच विचारता येते. घरात उत्पन्नाची निकड असेल तर थांबण्याची ताकद उमेदवारालाच कमी असते आणि मालकाला ती दिसते. अशा वेळी तपशिलाचा तक्ता, उतरत्या रकमेचा करार आणि ने-आण, एवढे मिळाले तरी सौदा वाईट नाही.

आणि येथेच महाविद्यालयांना एक प्रश्न विचारला पाहिजे. एकदा एका कंपनीत निवड झाली की विद्यार्थ्याला पुढच्या मुलाखतींना बसू द्यावयाचे नाही, असा दंडक अनेक ठिकाणी आहे. जास्तीत जास्त मुलांना नोकऱ्या मिळाव्यात हा त्यामागील हेतू चांगला आहे. परंतु त्याचा परिणाम असा होतो की, विद्यार्थ्याजवळ पर्याय नसण्याची स्थिती त्याचे महाविद्यालयच निर्माण करते. ज्याने पर्याय काढून घेतला, त्याने त्याची भरपाईही केली पाहिजे. एकटा विद्यार्थी कारखान्याला एकदाच भेटतो, महाविद्यालय मात्र दरवर्षी भेटते. पुढच्या वर्षी पुन्हा मुले हवी असणाऱ्या कारखान्याला महाविद्यालयाचा शब्द मोडणे जड जाते. भरतीसाठी दार उघडण्यापूर्वीच दरमहा हातात पडणाऱ्या रकमेचा तक्ता, कराराची रक्कम व ती उतरत जाण्याची रीत आणि मुलींच्या ने-आणीची व्यवस्था लेखी मागून घेणे बारामती-इंदापूरच्या कोणत्याही महाविद्यालयाला अवघड नाही. मुलगी एकटीने जे अंग चोरून मागते, ते तिच्या महाविद्यालयाने नियम म्हणून मागावे. मग आठ दिवसांच्या मुदतीत तिच्यासाठी ठरवावयाचे उरेल ते तिच्या स्वतःच्या कामाचे मोल, आणि तेवढ्यापुरती घासाघीस करण्यास तिचे वडील तिला सहज शिकवू शकतील.